दहातले सात नॅनोग्रॅम कुठे गेले?

मलेरियाच्या झटपट चाचणीत रेघ उमटली नाही, पण त्याच रुग्णाच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसला, अशा बातम्या विज्ञानाच्या पानांवर अधूनमधून येत असतात. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियासाठी वापरली जाणारी ही पट्टी परजीवीने रक्तात सोडलेले एक प्रथिन शोधते. त्याचे नाव हिस्टिडीन-रिच प्रोटीन २, म्हणजे थोडक्यात एचआरपी-२. काही परजीवींमध्ये हे प्रथिन घडवणारे जनुकच गळालेले असते आणि तेव्हा पट्टी त्यांना पाहू शकत नाही. भारतातील आठ राज्यांत असे परजीवी किती आहेत याचा शोध घेणारे एक महत्त्वाचे काम २०१६मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आमच्या जबलपूरच्या राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य अनुसंधान संस्थेतून झाले होते. शेजारच्या मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत २०१७पासून मलेरिया निर्मूलनाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यामुळे जबलपूरमध्ये जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एचआरपी-२ हे नाव परके वाटत नाही.

या लेखाचा विषय मात्र ते गळालेले जनुक नाही. हेच प्रथिन आम्ही स्वतःच्या हाताने, मोजून, एका नमुन्यात घातले होते आणि तरीही ते मोजमापात जेमतेम तीस टक्केच परत मिळाले. उरलेले सत्तर टक्के कुठे गेले याचा उलगडा करताना एका विद्यार्थिनीच्या अहवालातील ‘चर्चा’ हा भाग पूर्णपणे बदलला. तो बदल कसा झाला हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण पहिला मसुदा वाचायला अधिक आकर्षक होता आणि तो चुकीचा होता.

आधी प्रयोगाची कल्पना. रक्तद्रवातील एखादे प्रथिन मोजणारी पद्धत विश्वासार्ह आहे का हे तपासण्याचा एक जुना मार्ग आहे. ज्या रक्तद्रवात ते प्रथिन मुळीच नाही, त्यात त्याची माहीत असलेली मात्रा मिसळायची आणि मग अनोळखी नमुना समजून तो मोजायचा. मिसळलेल्या मात्रेला प्रयोगशाळेत ‘स्पाइक’ म्हणतात आणि त्यातली किती टक्के मोजमापात दिसली याला ‘रिकव्हरी’. साधारणपणे ८० ते १२० टक्क्यांच्या आत रिकव्हरी आली तर पद्धत त्या नमुन्यासाठी चालण्यासारखी मानली जाते. ती फार कमी आली, तर रक्तद्रवातले काहीतरी मोजमापात अडथळा आणते आहे असा अर्थ सहसा लावला जातो.

शहरातील एका प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ही विद्यार्थिनी एलायझा पद्धतीने एचआरपी-२ मोजत होती. तिच्याकडे शुद्ध प्रथिनाचे द्रावण होते, दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम इतके तीव्र. तिला रक्तद्रवात हवे होते दर मिलिलिटरला फक्त १० नॅनोग्रॅम, म्हणजे मूळ द्रावणाच्या दहा हजारांश. इतके विरळ द्रावण एका झटक्यात करता येत नाही, म्हणून तिने ते तीन पायऱ्यांत केले. पहिल्या नळीत १० मायक्रोलिटर मूळ द्रावण आणि ९९० मायक्रोलिटर साधे फॉस्फेट बफर. दुसऱ्या नळीत पहिलीतले १०० आणि बफरचे ९०० मायक्रोलिटर. शेवटी दुसऱ्या नळीतले ५० मायक्रोलिटर ४५० मायक्रोलिटर रक्तद्रवात. प्रत्येक नळी बंद करून ४५ मिनिटे फिरत्या चक्रावर ठेवावी, म्हणजे द्रावण नीट एकजीव होईल, असे तिला मिळालेल्या जुन्या कार्यपत्रिकेत लिहिलेले होते. तिने ते काटेकोरपणे पाळले.

मोजमाप आले २.९ नॅनोग्रॅम. म्हणजे रिकव्हरी २९ टक्के. तिने प्रयोग आणखी दोन वेळा केला, आणि दोन्ही वेळा आकडा जवळपास तोच आला. प्रमाण वक्र स्वच्छ होता, कोऱ्या रक्तद्रवाचे वाचन शून्याजवळ होते, जोडीने ठेवलेल्या कप्प्यांतली वाचने एकमेकांशी जुळत होती. हाताच्या अस्थिरतेमुळे येणारा फरक असा सारखा येत नाही. काहीतरी नियमाने घडत होते.

तिच्या चर्चेच्या पहिल्या मसुद्यात कारण असे दिले होते: रक्तद्रव मलेरियाप्रवण भागातील रक्तदात्यांचे आहे. त्यांना पूर्वी कधी मलेरिया होऊन गेलेला असू शकतो. त्यामुळे त्यांच्या रक्तात एचआरपी-२विरुद्ध प्रतिपिंडे असतील. ती मिसळलेल्या प्रथिनाला चिकटून बसली असतील आणि एलायझाच्या प्रतिपिंडांना जागाच उरली नसेल. मसुद्याच्या अखेरीस तिने लिहिले होते की या भागातील काही रुग्णांत झटपट चाचणी चुकण्यामागेही हेच कारण असू शकते.

या युक्तिवादातील प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे पाहिले तर शक्य कोटीतले आहे. प्रतिपिंडांनी प्रतिजन झाकले जाणे ही खरी घटना आहे. अडचण एवढीच होती की यातल्या एकाही वाक्याची परीक्षा घेतली गेली नव्हती आणि शेवटचे वाक्य तर एका बफरच्या नळीपासून थेट जिल्ह्यातील रुग्णांपर्यंत पोहोचले होते. असा मसुदा कोणी उचलून पुढे उद्धृत केला असता, तर मलेरियाच्या चाचणीबद्दल एक निराधार शंका पसरली असती.

तो मसुदा माझ्याकडे आला तो भाषा तपासण्यासाठी. घरी मराठी, प्रयोगशाळेत हिंदी आणि अहवाल इंग्रजीत, अशी जबलपूरच्या अनेक मराठी मुलांची स्थिती असते, तशीच तिची होती. माझी डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, पृष्ठभागांवर बसणाऱ्या पातळ थरांवरची. प्रतिपिंडांबद्दल माझे मत देण्याचा मला अधिकार नव्हता. मी फक्त एक प्रश्न विचारला: “हे जे दहा नॅनोग्रॅम आहेत, ते तू मोजले आहेस की काढले आहेस?”

“काढले आहेत, मॅडम,” ती म्हणाली. “विरलीकरणाच्या गुणाकारावरून.”

सगळे प्रकरण या उत्तरात होते. रिकव्हरी हा अपूर्णांक आहे. वर मोजलेला आकडा असतो, खाली अपेक्षित आकडा. आकडा कमी आला की आपण अंशाकडे संशयाने पाहतो आणि छेद मात्र गृहीत धरतो. येथे छेदातले १० नॅनोग्रॅम वहीतल्या गणितातून आलेले होते. मूळ द्रावणापासून रक्तद्रवापर्यंतच्या प्रवासात दोन नळ्या होत्या आणि त्या दोन नळ्यांतून प्रथिन पूर्णपणे पुढे गेले असे कोणीही पाहिलेले नव्हते.

म्हणून पहिली परीक्षा सोपी ठेवली. दुसऱ्या नळीतले तेच ५० मायक्रोलिटर तिने रक्तद्रवाऐवजी किटसोबत आलेल्या विरलक द्रावात मिसळले. त्यात रक्तद्रव नाही, कोणाही दात्याची प्रतिपिंडे नाहीत. दोष रक्तद्रवाचा असता तर येथे दहाच्या आसपास वाचन यायला हवे होते. आले ३.१. म्हणजे रक्तद्रवात २.९ आणि रक्तद्रवाशिवाय ३.१. दोन्ही आकड्यांची तुलना केली तर रक्तद्रवाने केवळ सहा टक्क्यांचा फरक पाडला होता आणि तो पद्धतीच्या नेहमीच्या चुकीत सहज सामावतो. प्रथिन रक्तद्रवात पोहोचण्याआधीच नाहीसे झालेले होते.

आता प्रश्न उरला, बफरच्या नळीत प्रथिनाचे काय होते. येथे माझ्या परिचयाचे भौतिकशास्त्र कामाला आले, आणि त्यासाठी पाटीवर चार ओळींपेक्षा अधिक गणित लागले नाही.

प्रथिनाचा रेणू पाण्यात असताना त्याचे पाण्याला न मानवणारे भाग शक्यतो आत दडलेले असतात. प्लास्टिकची भिंतही पाण्याला न मानवणारी असते. रेणू त्या भिंतीला टेकला की दोघांच्या मध्ये अडकलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात आणि ही मोकळीक ऊर्जेच्या हिशेबात फायद्याची ठरते. शिवाय प्रथिन एका जागी नव्हे, अनेक जागी चिकटते. एक टोक सुटले तरी बाकीची धरून ठेवतात. त्यामुळे एकदा बसलेला रेणू साध्या बफरने खळबळून सहसा निघत नाही. द्रावणातील पदार्थ पृष्ठभागावर असा साचून राहण्याला अधिशोषण म्हणतात. शोषणात पदार्थ आत मुरतो, अधिशोषणात तो वरच बसतो.

किती बसू शकतो? सामान्य प्रथिनांचा एकपदरी थर दर चौरस मीटरला एक ते तीन मिलिग्रॅम भरतो. मध्यावरचा आकडा धरला तर दर चौरस सेंटिमीटरला २०० नॅनोग्रॅम. आमच्या छोट्या नळीत एक मिलिलिटर द्रव असताना त्याचा भिंतीशी संपर्क सुमारे पाच चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे त्या भिंतीवर एकूण १,००० नॅनोग्रॅम प्रथिनाला जागा आहे.

आता नळीत किती प्रथिन होते ते पाहा. पहिल्या नळीत दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे बरोबर १,००० नॅनोग्रॅम. भिंतीवरच्या जागा आणि पाण्यातले रेणू अगदी तुल्यबळ. दुसऱ्या नळीत, पहिलीत काहीच गमावले नाही असे मानले तरी, फक्त १०० नॅनोग्रॅम. म्हणजे जितके प्रथिन आहे त्याच्या दहापट जागा भिंतीवर रिकाम्या. उलट मूळ तीव्र द्रावणाचा एक मिलिलिटर घेतला तर त्यात १,००,००० नॅनोग्रॅम असतात, आणि भिंतीने आपली सगळी जागा भरून घेतली तरी तोटा एक टक्क्याचा. मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमच्या पातळीवर काम करणाऱ्याला ही गळती आयुष्यभर जाणवत नाही आणि नॅनोग्रॅमच्या पातळीवर उतरल्याबरोबर तीच सगळे गिळून टाकते, ती यामुळेच.

एचआरपी-२ हे प्रथिन जरा विलक्षण आहे. त्याच्या साखळीत सुमारे एक तृतीयांश हिस्टिडीन आणि त्याहून थोडे अधिक अ‍ॅलानिन असते, आणि सामान्य गोलाकार प्रथिनासारखी त्याची घडी नसते. म्हणून २०० हा आकडा मी केवळ अदमास म्हणून धरते. तो दुप्पट वा निम्मा निघाला तरी दुसऱ्या नळीचा निष्कर्ष बदलत नाही.

फक्त जागा आहे एवढ्याने भागत नाही. रेणूंना भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. नळी स्थिर ठेवली तर या आकाराचे प्रथिन केवळ विसरणाने अर्ध्या तासात भिंतीजवळच्या फार पातळ थरातूनच तेथे पोहोचते. माझ्या हिशेबाने तेवढ्या वेळात तोटा वीस टक्क्यांच्या आत राहायला हवा. पण नळी चक्रावर फिरत असेल तर द्रव सतत ढवळला जातो आणि भिंतीलगतचा स्थिर थर सुमारे एक दशांश मिलिमीटरइतका उरतो. तो थर ओलांडण्याचा वेग धरला तर दुसऱ्या नळीत ४५ मिनिटांत साधारण ५५ टक्के प्रथिन भिंतीला लागावे, असे गणित येते. पहिल्या नळीत भिंत भरत जाते तसा वेग मंदावतो, म्हणून तेथे एक तृतीयांशाच्या आसपास. पहिलीतून ६५ टक्के पुढे, त्यातले ४५ टक्के दुसरीतून पुढे. गुणाकार २९ टक्के.

हा आकडा इतका नेमका जुळला की विद्यार्थिनीला आनंद झाला. मला थोडी धास्ती वाटली. स्थिर थराची जाडी आणि थराची क्षमता या दोन्ही गोष्टी मी अंदाजाने धरल्या होत्या. त्या थोड्या हलवल्या तर उत्तर २० किंवा ४० टक्केही येऊ शकले असते. गणिताने एवढेच सिद्ध केले की हे कारण पुरेसे मोठे आहे. तेच कारण आहे हे प्रयोगानेच ठरायला हवे होते.

त्यासाठी तीन परीक्षा योजल्या. पहिली वेळेची. अधिशोषण खरे असेल तर नळ्या कमी वेळ ठेवल्यावर तोटा कमी व्हावा. दोन्ही नळ्या प्रत्येकी पाच मिनिटे ठेवल्यावर वाचन ८.३ आले, पंधरा मिनिटांवर ६.१, पंचेचाळीस मिनिटांवर पुन्हा २.९. द्रावण नीट एकजीव व्हावे म्हणून घेतलेली खबरदारीच प्रथिन घालवत होती. पण वेळेबरोबर घटणारे वाचन एवढ्यावरून अधिशोषण सिद्ध होत नाही, कारण एखाद्या विकराने प्रथिनाचे तुकडे केले तरीही असेच घडेल.

दुसरी परीक्षा या दोन शक्यतांना वेगळे करणारी होती. साध्या बफरऐवजी ज्यात ०.१ टक्का गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन विरघळवले आहे असा बफर घेतला. बाकी सर्व तेच, ४५ मिनिटांचे फिरणेही तेच. एक मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिनचे दहा लाख नॅनोग्रॅम असतात, म्हणजे भिंतीवरच्या जागांच्या हजारपट. अशा गर्दीत एचआरपी-२च्या वाट्याला भिंतीवर जवळपास काहीच येत नाही. वाचन आले ९.५.

येथे कोणी म्हणेल की अल्ब्युमिनने विकरालाही गुंतवून ठेवले असेल. म्हणून तिसरी परीक्षा, आणि सगळ्यांत बोलकी. हरवलेले प्रथिन भिंतीवर असेल तर ते तेथे दिसले पाहिजे. तिने साध्या बफरची दुसरी नळी रिकामी केली, बफरने तीनदा धुतली आणि अल्ब्युमिनचे द्रावण भरून उरलेल्या मोकळ्या जागा बुजवल्या. मग एलायझाचे तेच विकर जोडलेले प्रतिपिंड आत घातले, पुन्हा धुतले आणि शेवटी रंग देणारे द्रावण ओतले. थोडक्यात, नळीलाच एलायझाचा कप्पा बनवले. काही मिनिटांत नळी आतून निळी झाली. शेजारी ठेवलेली दुसरी नळी, ज्यात प्रथिन अल्ब्युमिनयुक्त बफरमध्ये होते, ती रंगहीन राहिली आणि ज्यात प्रथिन कधीच नव्हते तीही. (वहीत नोंद करताना एक काळजी घ्यावी लागली. प्रतिपिंडाला जोडलेल्या त्या विकराचे संक्षिप्त नावही एचआरपीच आहे आणि त्याचा आपल्या प्रथिनाशी काही संबंध नाही.) रंगावरून किती प्रथिन चिकटले हे सांगता येत नाही. पण ते कुठे आहे याबद्दल शंका उरली नाही.

खरे तर यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. १९७१मध्ये एंगव्हॉल आणि पर्लमन यांनी मांडलेली एलायझा पद्धत मुळात या चिकटण्यावरच उभी आहे. पॉलिस्टायरीनच्या कप्प्यात प्रतिपिंडाचे द्रावण ठेवले की ते आपोआप भिंतीला बसते आणि धुऊनही जात नाही, म्हणूनच ती पद्धत चालते. नंतर उरलेल्या जागा अल्ब्युमिनने बुजवण्याची पायरीही प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. कप्प्यात जे घडावे म्हणून आपण वाट पाहतो, तेच दोन वीत अंतरावरच्या नळीत घडत असते. पण नळीकडे आपण भांडे म्हणून पाहतो आणि कप्प्याकडे उपकरण म्हणून.

यानंतर चर्चेचा भाग नव्याने लिहिला गेला. त्यात तिने प्रथम हे नोंदवले की रक्तद्रवाचा परिणाम विरलक द्रावाशी तुलना करून मोजला असता तो सहा टक्क्यांहून अधिक नाही. मग तोटा विरलीकरणाच्या दोन नळ्यांत झाला याचे तीन पुरावे दिले. अल्ब्युमिनयुक्त बफरमध्येही जे पाच टक्के कमी राहिले, त्याचे कारण सांगण्याचा मोह तिने टाळला आणि ते पद्धतीच्या चुकीच्या मर्यादेत आहे एवढेच लिहिले. प्रतिपिंडांचा परिच्छेद काढून टाकला. प्रतिपिंडे प्रतिजन झाकत नाहीत असे तिने सिद्ध केले नव्हते. फक्त या दात्यांच्या रक्तद्रवात, या प्रयोगात, त्यांच्या असण्याचा कोणताही मागमूस मिळाला नव्हता.

एक बारकावा तिच्या चर्चेत मी आवर्जून ठेवायला सांगितला. रिकव्हरी काढताना छेदात गणिताचा आकडा न घेता विरलक द्रावातील मोजलेले वाचन घ्यावे, अशी शिफारस अनेक पद्धतीपत्रिकांत असते. तसे केले तर २.९ भागिले ३.१, म्हणजे ९४ टक्के, आणि अहवाल निर्दोष दिसतो. रक्तद्रव निर्दोष आहे हा निष्कर्षही बरोबरच आहे. पण ७१ टक्के प्रथिन वाटेतच गेले ही गोष्ट त्या ९४मध्ये पूर्ण लपते. असेच द्रावण कोणी दुसऱ्या प्रयोगात दहा नॅनोग्रॅमचे समजून वापरले, तर तेथे तीनच असतील. म्हणून दोन्ही आकडे द्यावेत: एक मोजलेल्या छेदाचा, एक गणिताच्या छेदाचा. पहिला रक्तद्रवाबद्दल सांगतो, दुसरा आपल्या नळ्यांबद्दल.

ही अडचण नवी नाही. रेडिओसक्रिय आयोडीन जोडलेले इन्सुलिन काचेला चिकटते, हे १९५१मध्येच दाखवले गेले होते. आजही अतिदक्षता विभागात इन्सुलिनचे ठिबक सुरू करण्याआधी काही द्रावण नळीतून वाहू देऊन टाकून देतात, ते नळीच्या भिंतीचे पोट आधी भरावे म्हणून. अल्झायमरच्या निदानासाठी मेंदू-मज्जेच्या द्रवातील अमायलॉइड बीटा ४२ मोजतात, तेथे नमुना कोणत्या प्लास्टिकच्या नळीत गोळा केला यावर आकडा बदलतो. हा आकडा कमी असणे हेच तेथे आजाराचे लक्षण मानतात. चुकीच्या नळीमुळे निरोगी माणूस आजाराच्या बाजूला झुकलेला दिसू शकतो.

आणि मलेरियाची पट्टी? तिच्याबद्दल या प्रयोगातून काय निघते आणि काय निघत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात ही गळती होत नाही. रक्तद्रवात दर लिटरला सुमारे ७० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे आमच्या अल्ब्युमिनयुक्त बफरच्या सत्तरपट गर्दी तेथे आधीच असते आणि एचआरपी-२ला काचेवर वा प्लास्टिकवर बसायला जागा मिळत नाही. त्यामुळे रुग्णाची पट्टी कोरी राहिली तर त्याचे कारण नळीची भिंत नाही. परजीवींची संख्या फार कमी असेल, पट्टी उष्णतेत खराब झालेली असेल किंवा जनुक गळालेले असेल. जनुकाचा प्रश्न पीसीआरने, म्हणजे परजीवीच्या डीएनएमध्ये ते जनुक शोधूनच सुटतो. प्रथिन दिसले नाही एवढ्यावरून ते जनुक नाही असे म्हणता येत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अशा गळालेल्या जनुकामुळे चाचणी चुकण्याचे प्रमाण पाच टक्क्यांवर गेले की त्या भागात किट बदलावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

गळतीचा धोका असतो तो प्रयोगशाळेत तयार केलेल्या नियंत्रण द्रावणांना. किट तपासायला कोणी साध्या बफरमध्ये विरळ केलेले प्रथिन वापरले आणि रेघ फिकी आली, तर दोष किटवर जाईल. पट्टीवरची दुसरी, नियंत्रणाची रेघ ठळक उमटलेली असली तरी तिने यात मदत होत नाही. ती फक्त द्रव पट्टीभर वाहिला आणि रंगीत प्रतिपिंडे कामात आहेत एवढे सांगते. प्रतिजन किती आले हे तिला ठाऊक नसते.

ज्यांना आपल्या प्रयोगात हे तपासायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा. रिकव्हरी कमी आली की आधी तोच स्पाइक रक्तद्रवाशिवाय मोजा. तेथेही तो कमी असेल तर रक्तद्रवाला सोडून द्या आणि नळ्यांकडे वळा. तेथे तो पूर्ण असेल तर दोष खरोखरच नमुन्यात आहे. मग स्पाइक घातलेला नमुना आणखी विरळ करून पाहा. विरलीकरणाचा गुणाकार करूनही मात्रा वाढत गेली, तर अडथळा आणणारे काहीतरी त्याबरोबर विरळ होत आहे. निरनिराळ्या दात्यांच्या रक्तद्रवात रिकव्हरी वेगवेगळी येत असेल तर प्रतिपिंडांचा संशय रास्त ठरतो. आमच्या विद्यार्थिनीचा पहिला युक्तिवाद तपासायचा असता तर ही शेवटची परीक्षा करावी लागली असती. ती करण्याची वेळ आली नाही.

नळ्यांचा उपाय स्वस्त आहे. नॅनोग्रॅमच्या पातळीवरचे कोणतेही द्रावण साध्या बफरमध्ये करू नये. त्यात अल्ब्युमिन किंवा थोडे ट्वीन २० असावे, अर्थात पुढच्या मोजमापाला ते चालत असेल तर. एकूण प्रथिन मोजायचे असेल तेथे अल्ब्युमिन घालून चालणार नाही, कारण मग मोजले जाईल ते अल्ब्युमिनच. अशा वेळी कमी चिकटणाऱ्या खास नळ्या घ्याव्यात, पायऱ्या कमी कराव्यात आणि विरळ द्रावण तयार होताच वापरावे. त्या प्रयोगशाळेतील कार्यपत्रिकेतही आता बदल झाला आहे. ‘४५ मिनिटे’ ही ओळ खोडून तेथे ‘दहा वेळा सावकाश उलटसुलट करा, अल्ब्युमिनयुक्त बफर वापरा’ असे लिहिले आहे. बाजूला, त्याच विद्यार्थिनीच्या अक्षरात, कारणही लिहिलेले आहे: नळीची भिंत पाच चौरस सेंटिमीटर, जागा सुमारे १,००० नॅनोग्रॅम.